सोळा फ्लॅटची इमारत: जमिनीपासून भोगवट्यापर्यंत पैशाचं वेळापत्रक

पहिलाच गृहप्रकल्प करू पाहणारा माणूस बहुतेक वेळा नफ्याचा हिशोब घेऊन येतो. जमीन इतक्याची, बांधकाम इतक्याचं, विक्री इतक्याची, मधला फरक आपला. हा हिशोब चुकीचा नसतो, पण त्यात तारखा नसतात. छोटे प्रकल्प तोट्यामुळे बुडण्याआधी रोकड संपल्यामुळे अडतात. जमिनीचे पैसे आज द्यायचे असतात, परवानग्यांचे काही महिन्यांत, आणि ग्राहकाचे पैसे कायद्याने ठरवून दिलेल्या टप्प्यांनी येतात. या तीन वेळा एकमेकांशी कशा जुळवायच्या, ते इथे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण असं: महाराष्ट्रातलं मध्यम शहर, महापालिका हद्द, ८०० चौरस मीटरचा प्लॉट, समोर ९ मीटरचा रस्ता. खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर चार, असे १६ टू-बीएचके फ्लॅट. दर आणि खर्च हिशोबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे आकडे त्या जागी टाका, रीत तीच राहील.

१. जमिनीची किंमत शेवटून काढा

जमीनमालक सांगतो तो भाव ही मालकाची अपेक्षा असते. तुम्हाला किती परवडतं, ते विक्रीच्या बाजूने मागे येत काढावं लागतं.

आधी या प्लॉटवर किती बांधता येईल ते पाहा. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आर्किटेक्ट तिला यूडीसीपीआर म्हणतात. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण. या नियमावलीनुसार इथे मूळ एफएसआय १.१ मिळतो, म्हणजे ८८० चौरस मीटर. राहत्या इमारतीसाठी त्यावर ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी, म्हणजे पूरक एफएसआय अधिमूल्य भरून घेता येतो. एकूण १,४०८ चौरस मीटर झाले. जिना, लिफ्ट, भिंती, बाल्कन्या सगळं यातच धरायचं असतं, त्यामुळे प्रत्यक्ष चटई क्षेत्र साधारण ७० टक्के उरतं. १६ फ्लॅट, प्रत्येकी ६२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६६५ चौरस फूट कार्पेट.

रस्त्याची रुंदी इथे निर्णायक आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियम एफएसआय, म्हणजे पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय, आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क, दोन्ही मिळत नाहीत. मालक ‘नऊ मीटरचा रोड’ म्हणत असेल तर ती रुंदी मंजूर विकास आराखड्यात आहे की नुसती बोलण्यात, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या. माझ्या उदाहरणात प्रीमियम एफएसआय धरलेला नाही. पहिल्या प्रकल्पात न धरलेलाच बरा, कारण तो घेतला की खर्च, उंची, पार्किंग आणि विकायचे फ्लॅट सगळंच एकदम वाढतं.

आता विक्री. आजूबाजूच्या पूर्ण झालेल्या इमारतींत असा फ्लॅट ५८ लाखांना विकला जातोय असं धरू. जाहिरातीतला भाव धरू नका. शेजारच्या इमारतींचे नोंदवलेले करार नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर पाहा, तिथे लोकांनी खरंच किती दिले ते कळतं. १६ फ्लॅटचे ९ कोटी २८ लाख होतात. यातून बांधकाम ३ कोटी ६० लाख, परवानग्या, शुल्क, आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट मिळून ४० लाख, जाहिरात, दलाली, ऑफिस २५ लाख आणि व्याज ३० लाख वजा करा. प्रकल्पाला अडीच-तीन वर्षं लागणार, तेव्हा किमान सव्वा कोटीचा नफा हवा असं ठरवलं, तर जमिनीसाठी सगळं मिळून ३ कोटी ४८ लाख उरतात. आपण ३ कोटी ४५ लाखच धरू.

सगळं मिळून म्हणजे मुद्रांक शुल्कासकट. पुणे, नागपूर अशा मेट्रो अधिभार असलेल्या शहरांत ते ७ टक्क्यांपर्यंत जातं, आपण ६ टक्के धरू. नोंदणी फी कमाल ३० हजार. वकील, सर्च, मोजणी यांना पाच लाख. म्हणजे मालकाच्या हातात जास्तीत जास्त ३ कोटी २० लाख देता येतील. शुल्क कराराची रक्कम आणि सरकारने ठरवलेलं रेडी रेकनरचं मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं, हेही लक्षात घ्या.

या हिशोबातला एक आकडा कायम डोळ्यांसमोर ठेवा. एकूण खर्च ८ कोटी, फ्लॅट १६, म्हणजे फ्लॅटमागे ५० लाख. विक्रीभाव ५८ वरून ५० वर आला की नफा शून्य. मालकाने जमिनीला ४० लाख जास्त मागितले आणि तुम्ही मोहापायी दिले, तर हा आकडा साडेबावन्न होतो.

२. इसार देण्याआधीची तपासणी

सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, त्यामागचे सगळे फेरफार आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्यायचा हे बहुतेकांना माहीत असतं. चुका होतात त्या तीन ठिकाणी होतात.

पहिली जागा ‘इतर हक्क’ हा रकाना. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, बहिणींची नावं, भोगवटादार वर्ग २ हे सगळं तिथे किंवा वरच्या ओळीत असतं. वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराण्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तो वेळ तुमच्या व्याजात धरलेला नसतो. बहिणींनी हक्कसोड दिली असं सांगितलं तर हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे का ते पाहा. दुसरी जागा मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून तिच्या नकाशाची ‘क’ प्रत घ्या. सात-बारावर ८०० चौरस मीटर आणि जागेवर ७६० निघाले, तर ४० चौरस मीटरचा एफएसआय गेला, म्हणजे जवळपास एक फ्लॅट गेला. तिसरी जागा नदी-नाला. नाशिक, कोल्हापूर, सांगली अशा गावांत प्लॉट पूररेषेत येतो का, हे पाटबंधारे विभागाच्या नकाशावरून पाहावं. निळ्या पूररेषेच्या आतला प्लॉट स्वस्त मिळतो, त्याचं कारणही तेच असतं.

वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकतीची मुदत संपेपर्यंत मोठी रक्कम देऊ नका. इसार थोडा, साठेखत नोंदवलेलं आणि बाकीची रक्कम बांधकाम परवानगी मिळाल्यावर, अशी बोलणी करून पाहा. मालक बहुतेकदा पूर्ण मानत नाही, पण अर्धी रक्कम सहा महिने पुढे गेली तरी व्याजाचा मोठा भार हलका होतो. मात्र नकाशा मालकाच्या नावाने दाखल होणार असल्याने त्याचं नोंदणीकृत मुखत्यारपत्र साठेखतासोबतच घ्या.

बँका बिल्डरला जमीन खरेदीसाठी कर्ज देत नाहीत. ही रक्कम स्वतःची, भागीदारांची किंवा खासगी उसनी असते, आणि खासगी व्याजाचा दर पाहिला की जमीन हप्त्याने घेण्याचं महत्त्व आपोआप कळतं.

३. परवानग्यांचा क्रम

इथे वेगळं सांगण्यासारखं कमी आहे, कारण आर्किटेक्ट हे काम रोज करतो. नकाशा ऑनलाइन दाखल होतो, छाननी होते, विकास शुल्क, ॲन्सिलरीचं अधिमूल्य आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर भरला जातो, मग बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं. शहरात सगळेच त्याला सीसी म्हणतात. ते एक वर्षासाठी असतं, नूतनीकरण करत एकूण चार वर्षं चालतं. जोतं झाल्यावर जोते तपासणी करून घ्यायची आणि शेवटी इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र. विकास आराखड्यातल्या जमिनीला वेगळी बिनशेती परवानगी लागत नसली, तरी जमिनीच्या रूपांतरणापोटी सरकारला भरायची रक्कम राहते. ते आधीच उरकून टाका.

सीसी हातात आल्यावर महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे नोंदणी. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर कायद्यात सूट आहे. आपला प्रकल्प दोन्ही मर्यादांच्या वर आहे, त्यामुळे नोंदणी हवीच. टायटल सर्टिफिकेट, सीसी, मंजूर नकाशा, खर्चाचा अंदाज, ग्राहकाशी करायच्या कराराचा मसुदा आणि बँक खात्यांची माहिती द्यावी लागते. नोंदणी क्रमांक येईपर्यंत जाहिरात नाही, बुकिंग नाही, टोकनसुद्धा नाही. ‘ओळखीतल्यांसाठी प्री-लाँच’ हाही कायद्याने विक्रीचाच प्रकार आहे, आणि विनानोंदणी विक्रीला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या प्रकल्पात तो ८० लाखांच्या घरात जातो.

नोंदणी करताना तुम्ही पूर्णत्वाची तारीख स्वतः लिहून देता. ही तारीख म्हणजे ग्राहकाला दिलेला शब्द असतो. ती चुकली तर ग्राहक पैसे परत मागू शकतो, किंवा थांबून दरमहा व्याज मागू शकतो. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा, म्हणजे तिच्या कर्जाच्या आधारभूत दरापेक्षा २ टक्के जास्त आहे. काम चोवीस महिन्यांचं वाटत असेल तर तीस महिने लिहा. ठेकेदार पावसाळ्यात गावी जातो, पाण्याच्या जोडणीला वेळ लागतो, महावितरणचं रोहित्र अडतं. हे दरवेळी होतं, म्हणून ते तारखेत आधीच धरा.

४. ग्राहकाचा पैसा: किती, केव्हा, कुठे

हा भाग नीट समजला की उरलेली योजना सोपी होते.

नोंदवलेल्या कराराआधी फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आपल्या फ्लॅटला ही मर्यादा ५ लाख ८० हजार आहे. त्यापुढे एक रुपया घ्यायचा तरी आधी मुद्रांक भरून करार नोंदवावा लागतो. बुकिंगच्या वेळी महारेराच्या नमुन्यातलं वाटपपत्र द्या, त्यात रद्द केल्यास किती कापायचं तेही दिलेलं आहे.

महाराष्ट्राच्या नमुना करारात पुढचे टप्पे ‘इथपर्यंत एकूण इतक्याहून जास्त नाही’ अशा रीतीने ठरवले आहेत. करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५, सॅनिटरी आणि जिने झाल्यावर ८०, बाहेरचा गिलावा, प्लंबिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट, पंप, वीज झाल्यावर ९५, आणि उरलेले ५ टक्के भोगवटा मिळून ताबा देताना. आपल्या इमारतीत पार्किंगच्या डोक्यावरचा धरून पाच स्लॅब आहेत, तेव्हा ४५ ते ७० मधले २५ टक्के प्रत्येक स्लॅबला ५ असे वाटले जातात.

आता या यादीकडे काम करणाऱ्याच्या नजरेने पाहा. शेवटचा स्लॅब पडतो तेव्हा ग्राहकाने ७० टक्के दिलेले असतात. पण बांधकामाचा खर्च त्या दिवशी निम्म्यावरच आलेला असतो. फरशी, दारं, खिडक्या, रंग, लिफ्ट, वायरिंग हे सगळं पुढे आहे आणि ते महाग आहे. त्या सगळ्यासाठी विकलेल्या फ्लॅटमधून फक्त ३० टक्के यायचे आहेत. सांगाडा उभा राहिलेल्या आणि मग वर्षानुवर्षं तशाच थांबलेल्या इमारती तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतल्या बऱ्याच इथेच थांबल्या.

पैसा ठेवण्याची जागाही ठरलेली आहे. १ जुलै २०२४ पासून महारेराने प्रकल्पासाठी एकाच बँकेत तीन खाती सांगितली आहेत. ग्राहकाचा सगळा पैसा आधी संकलन खात्यात येतो, तिथून किमान ७० टक्के स्वतंत्र खात्यात आणि उरलेला व्यवहार खात्यात जातो. स्वतंत्र खात्यातून काढायचं तर काम किती टक्के झालं याचं आर्किटेक्टचं, खर्चाचं अभियंत्याचं आणि हिशोबाचं सीएचं प्रमाणपत्र लागतं. नव्या माणसाला वाटतं की या खात्यातला पैसा फक्त बांधकामाचाच. कायदा बांधकाम आणि जमीन या दोन्हींसाठी तो काढू देतो. त्यामुळे जमिनीचे पैसे आधीच देऊन झालेल्या माणसाला प्रमाणपत्राच्या हिशोबात बरीच मोठी रक्कम काढता येते. परवानगी असली तरी किती काढायचं हे स्वतः ठरवावं लागतं, आणि ते कसं ठरवायचं ते पुढे येतंच.

जीएसटीचा पैसा मात्र पूर्ण वेगळा धरा. ४५ लाखांवरच्या फ्लॅटला ५ टक्के लागतो. मुंबई महानगराबाहेरच्या आपल्या शहरांत ९० चौरस मीटरपर्यंतच्या आणि ४५ लाखांपर्यंतच्या फ्लॅटला १ टक्का. हप्ता आला की कर देय होतो, आणि सिमेंट-लोखंडावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून ३ कोटी ६० लाखांत तो कर धरूनच अंदाज करा. फ्लॅट ५० लाख किंवा त्यावर असेल तर ग्राहक प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापतो. तेवढी रक्कम खात्यात कमी येणार, हे आधीच माहीत असू द्या. रोख रक्कम तर घेऊच नका. २० हजारांपासून वरची रोख आयकर कायद्यात अडते आणि त्या ग्राहकाचं गृहकर्जही अडवते.

५. टप्प्याटप्प्याने विक्री आणि त्याचा तक्ता

विक्रीची योजना अशी धरू: जोतं होईपर्यंत ४ फ्लॅट, स्लॅबच्या काळात ५, फरशी-गिलाव्याच्या काळात ३, आणि ४ फ्लॅट भोगवटा मिळाल्यानंतर. जोतं झाल्याची मागणी पुढच्या टप्प्यात जमा होते असं मानलं आहे, कारण डिमांड लेटर गेल्यावर बँकेचा चेक यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. आकडे लाखांत आहेत, खर्चात जाहिरात, ऑफिस आणि व्याज धरलेलं आहे.

| टप्पा | खर्च | ग्राहकांकडून जमा | टप्प्याअखेर अडकलेलं भांडवल |
|---|---|---|---|
| जमीन ते महारेरा नोंदणी | ३९० | ० | ३९० |
| जोत्यापर्यंत | ६० | ६९.६ | ३८०.४ |
| पाचही स्लॅब | १४५ | २९५.८ | २२९.६ |
| भिंती, गिलावा, फरशी, दारं | १०५ | १५६.६ | १७८ |
| सॅनिटरी, बाहेरचा गिलावा | ६३ | ६९.६ | १७१.४ |
| लिफ्ट, वीज, आवार | ३७ | ६९.६ | १३८.८ |
| भोगवटा, १२ फ्लॅटचा ताबा | ० | ३४.८ | १०४ |
| शेवटचे ४ फ्लॅट | ० | २३२ | १२८ नफा |

या तक्त्यातून तीन गोष्टी वाचता येतात.

पहिली: ग्राहकाचा पहिला रुपया येण्याआधी ३ कोटी ९० लाख गेलेले असतात. पहिले चार फ्लॅट वेळेवर विकले गेले नाहीत तर जोतं होईपर्यंत हा आकडा साडेचार कोटी होतो. म्हणजे ८ कोटींच्या प्रकल्पाला निम्म्याहून जास्त भांडवल सुरुवातीलाच हवं. ‘दीड कोटी आहेत, बाकी बुकिंगमधून होईल’ या हिशोबाला या प्लॉटवर कायदेशीर वाट नाही.

दुसरी: स्लॅब संपतात तेव्हा हातात मोठी रक्कम असते. नोंदणीनंतर ग्राहकांकडून ३६५ लाख आलेले आहेत आणि २०५ लाख खर्च झालेले आहेत. १६० लाख शिल्लक दिसतात. भागीदार म्हणतो, थोडे काढून घेऊ. दलाल पुढच्या गल्लीतला प्लॉट दाखवतो. त्याच आठवड्यात हा हिशोब करा: यापुढचा खर्च २०५ लाख. विकलेल्या ९ फ्लॅटमधून ताब्याआधी यायची बाकी २५ टक्के, म्हणजे १३०.५ लाख. तूट ७४.५ लाख. तेव्हा निदान ७५ लाख खात्यातच राहिले पाहिजेत, तरच एकही नवा फ्लॅट न विकता इमारत पूर्ण होते. उरलेले ८५ लाख काढून महागडं खासगी कर्ज फेडलंत तर ते शहाणपणाचं. नव्या जमिनीचा इसार दिलात तर नऊ कुटुंबांची फरशी तुम्ही त्या जमिनीत घातलीत.

हाच हिशोब दर महिन्याला करा. खात्यातली शिल्लक आणि विकलेल्या फ्लॅटमधून ताब्याआधी यायची बाकी यांची बेरीज उरलेल्या खर्चापेक्षा जास्त हवी. कमी झाली की ती तूट तुमच्या खिशातून किंवा नव्या विक्रीतून यायची आहे, आणि नवी विक्री तुमच्या हातात नाही. भिंती-फरशीच्या टप्प्यातले ते ३ फ्लॅट विकले गेलेच नाहीत असं धरून पाहा. खर्च १०५ लाखांचा आणि जमा जेमतेम २६ लाखांची. तूट बिलांच्या तारखांत आधी दिसते: लेबर काँट्रॅक्टरचं बिल महिन्याहून जास्त थकतं, वीटवाला रोख मागू लागतो, साइटवरची माणसं कमी होतात. ग्राहकाला कळण्याच्या दोन-तीन महिने आधी ही चिन्हं तुम्हाला दिसतात.

तिसरी गोष्ट: बारा फ्लॅट विकून, ताबा देऊनही तुम्ही १ कोटी ४ लाखांनी मागेच आहात. नफा शेवटच्या चार फ्लॅटमध्ये आहे. म्हणून ते कोणते असावेत हे पहिल्या दिवशी ठरवा. सगळे कोपऱ्याचे, पूर्वेकडचे फ्लॅट सुरुवातीला गेले की शेवटी पार्किंगवरचे आणि मागच्या बाजूचे उरतात, आणि तेच सावकाश विकले जातात. पहिल्या खेपेला सहा फ्लॅट विक्रीला काढा, त्यात चांगले-साधे दोन्ही मिसळा. दर टप्प्याला भाव थोडा वाढवा, पण आधीच्या ग्राहकाला दिलेल्या भावाखाली पुन्हा जाऊ नका. सोळा घरांच्या इमारतीत भाव लपत नाही.

सगळे फ्लॅट लवकर विकून टाकावेत असं पुष्कळांना वाटतं. त्यात भाव कमी मिळतो आणि शेवटच्या टप्प्यात वरून भर घालायला फ्लॅट उरत नाही. गुंतवणूकदाराला चार-पाच फ्लॅट एकगठ्ठा स्वस्तात देण्याचा सल्लाही मी देत नाही. ताब्याच्या वेळी तो तुमच्याच इमारतीत तुमच्यापेक्षा दोन लाखांनी कमी सांगतो. भोगवट्यानंतरच्या फ्लॅटला मात्र एक फायदा असतो: ग्राहकाला जीएसटी लागत नाही. ५८ लाखांवर त्याचे २ लाख ९० हजार वाचतात, त्यातला काही भाग भावात मिळू शकतो.

६. एवढं भांडवल नसेल तर

जमीन विकत न घेता मालकाशी विकसन करार करता येतो. आपल्याच प्लॉटवर मालकाला ६ फ्लॅट आणि तुम्हाला १० असं ठरलं, तर तुमची विक्री ५ कोटी ८० लाख. खर्चात बांधकाम ३६०, परवानग्या ४०, विकसन कराराचं मुद्रांक शुल्क सुमारे २०, जाहिरात २५ आणि व्याज १५, म्हणजे ४ कोटी ६० लाख. नफा १ कोटी २० लाख, आणि जोत्यापर्यंत लागणारं भांडवल साडेचार कोटींऐवजी सव्वा कोटीच्या आसपास. पहिल्या प्रकल्पासाठी मला हीच वाट योग्य वाटते.

पण तीन कलमं करारात स्पष्ट हवीत. मालकाच्या ६ फ्लॅटवरचा जीएसटी कोण भरणार? तो १७ लाखांच्या घरात आहे आणि लिहिलं नाही तर तुमच्यावर येतो. मालक आपले फ्लॅट केव्हापासून आणि कोणत्या भावाखाली विकणार नाही? आणि मालकाचं निधन झालं तर वारस कराराला बांधील असतील का? त्यासाठी कुटुंबातल्या सगळ्या हक्कदारांच्या सह्या आजच घ्या. फ्लॅट वाटून घेणारा मालक महारेरात प्रवर्तक म्हणूनच नोंदला जातो आणि ग्राहकाला तोही जबाबदार असतो. हे त्याला सही करण्याआधी समजावून सांगा.

७. काम चालू असताना आणि शेवटी

दर तीन महिन्यांनी महारेराच्या संकेतस्थळावर प्रगती आणि विक्री भरायची असते, आणि वर्षाला सीएचं लेखापरीक्षण. स्लॅब पडला की त्याच दिवशी आर्किटेक्टचं पत्र घेऊन डिमांड लेटर काढा. न झालेल्या कामाचं डिमांड लेटर कधीच काढू नका, बँकेचा माणूस साइटवर येऊन पाहतो आणि पुढचे सगळे चेक अडतात. विक्री सुरू करण्याआधीच दोन बँकांकडून प्रकल्प मंजूर करून घेतलात तर ग्राहकाचं कर्ज लवकर होतं आणि तक्त्यातल्या तारखा टिकतात. विक्री सुरू झाल्यावर नकाशात बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते, म्हणून वरचा जादा मजला वगैरे विचार असतील तर ते नोंदणीआधीच जाहीर करा.

निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की सोसायटीच्या नोंदणीचा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. भोगवट्याचा अर्ज करण्याआधी लिफ्टचा परवाना, पावसाचं पाणी जिरवण्याची सोय, ड्रेनेज जोडणी आणि नकाशाप्रमाणे पार्किंगच्या खुणा पूर्ण ठेवा. भोगवटा मिळाल्यापासून तीन महिन्यांत जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे करायचं असतं. विकसन करार असेल तर त्यावर मालकाची सही लागणार, तेव्हा त्याच्या शेवटच्या फ्लॅटचा ताबा आणि ही सही एकाच दिवशी ठेवा. ताब्यानंतर पाच वर्षं रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष निघाला तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायची जबाबदारी तुमचीच असते. गच्चीची गळती पहिल्या दोन पावसाळ्यांत कळते. त्यासाठी तीन-चार लाख नफ्यातून बाजूला ठेवा आणि वॉटरप्रूफिंगवाल्याची शेवटची रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा.